उत्तरपत्रिका आधी, अर्ज नंतर : प्रस्तावना

परीक्षेच्या निकालात होणाऱ्या चुका एका जातीच्या नसतात आणि त्या दुरुस्त करून घेण्यासाठी नियमांनी ठेवलेले मार्गही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. तरीही अपेक्षेपेक्षा कमी गुण दिसताच बहुतेक विद्यार्थी आणि पालक ‘रिचेकिंगला टाकू’ एवढे एकच वाक्य बोलतात, आणि त्या एका शब्दात गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळून टाकतात. गुणपडताळणी बेरीज आणि तपासणीची पूर्णता पाहते, उत्तराचा दर्जा पाहत नाही. पुनर्मूल्यांकन उत्तराचा दर्जा पाहते, पण उत्तरपत्रिकाच दुसऱ्या कोणाची असेल तर त्याचा उपयोग होत नाही. छायाप्रत स्वतः काहीच दुरुस्त करत नाही, मात्र दुरुस्ती कोठे मागायची हे तीच सांगते. प्रस्तुत पुस्तकाची मांडणी या फरकावर उभी आहे आणि त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची बारावीची परीक्षा घेतली आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली या पाच जिल्ह्यांचे विद्यार्थी या मंडळाच्या ज्या विभागीय कार्यालयाशी बांधलेले आहेत, त्याच्याच कार्यपद्धतीकडे येथे पाहिले आहे.

चूक कोठे होऊ शकते हे कळण्यासाठी उत्तरपत्रिकेचा प्रवास डोळ्यांपुढे असावा लागतो. परीक्षा केंद्रावर विद्यार्थी मुख्य उत्तरपत्रिका लिहितो, जागा अपुरी पडली तर पुरवणी घेतो, ती मुख्य उत्तरपत्रिकेला बांधली जाते आणि किती पुरवण्या जोडल्या हे मुखपृष्ठावर लिहिले जाते. तपासणाऱ्याला विद्यार्थ्याची ओळख पटू नये म्हणून बैठक क्रमांक झाकला जातो आणि उत्तरपत्रिका बारकोडने ओळखली जाते. त्यानंतर ती परीक्षकाकडे, म्हणजे प्रत्यक्ष तपासणाऱ्या शिक्षकाकडे जाते; परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतो, आणि सर्वांची तपासणी सारख्या मापाने व्हावी याची जबाबदारी मुख्य नियामकावर असते. परीक्षक आतल्या पानांवर प्रत्येक उत्तरासमोर गुण लिहितो, ते मुखपृष्ठावरील तक्त्यात उतरवतो, तक्त्याची बेरीज करतो, आणि ती बेरीज पुढे संगणकात जाते. या साखळीच्या प्रत्येक सांध्यावर वेगळी चूक संभवते : उत्तर न तपासता पान उलटले जाते, आतला गुण तक्त्यात उतरत नाही, बेरीज चुकते, पुरवणी सुटते, बारकोड चुकीच्या उत्तरपत्रिकेवर बसतो, किंवा परीक्षक उत्तर वाचतो पण त्याला योग्य गुण देत नाही. यांतली शेवटची चूक मताची आहे आणि बाकीच्या हिशेबाच्या किंवा हाताळणीच्या आहेत. कायदा या दोन गटांकडे पूर्णपणे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि पुढचे सारे विवेचन या भेदावरच अवलंबून आहे.

गुणपडताळणीची व्याख्या मंडळाच्या 1977 च्या विनियमांतील क्रमांक 104 मध्ये सापडते, आणि ती आजही नीट वाचण्याजोगी आहे. सर्व उत्तरे तपासली गेली आहेत का, प्रत्येक प्रश्नाच्या गुणांची बेरीज बरोबर आहे का, ते गुण मुखपृष्ठावर अचूक उतरवले आहेत का आणि विद्यार्थ्याने नमूद केलेल्या पुरवण्या जागेवर आहेत का, एवढेच पडताळणीत पाहायचे असे तो विनियम सांगतो. निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत, संस्थाप्रमुखामार्फत आणि विषयामागे 10 रुपये भरून हा अर्ज करायचा होता. त्याच विनियमाच्या तिसऱ्या पोटकलमाने मात्र दुसरे दार घट्ट लावून घेतले होते : कोणत्याही परीक्षार्थीला उत्तरांचे पुनर्मूल्यांकन मागता येणार नाही आणि उत्तरपत्रिका पाहताही येणार नाही, कारण मंडळ ती अत्यंत गोपनीय मानते. म्हणजे ज्या कागदावर चूक आहे तो कागद चूक सोसणाऱ्याला कधीच दिसणार नव्हता.

या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाल्या आणि उच्च न्यायालयाने तिसरे पोटकलम रद्द ठरवले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि परितोष भूपेशकुमार शेठ या विद्यार्थ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून मंडळाचा विनियम वैध ठरवला. शैक्षणिक बाबतीत काय शहाणपणाचे आहे हे त्या क्षेत्रातील जाणकारांनी ठरवावे, न्यायालयाने आपले मत त्यांच्या मतावर लादू नये, आणि लाखो परीक्षार्थींच्या परीक्षेत प्रत्येकाला उत्तरपत्रिका दाखवायची म्हटले तर निकालाला कधी अंतिम रूपच येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. भारतभर परीक्षांविषयीच्या खटल्यांत हा महाराष्ट्रातील निकाल आजही आधार म्हणून दिला जातो. निकालाला अंतिम रूप हवे हे मान्यच करावे लागते. प्रवेश, शिष्यवृत्ती, पुढचे वर्ष सारे त्यावर टांगलेले असते. पण गोपनीयतेचा जो भाग त्यात मान्य झाला, त्याचे समर्थन करणे अवघड आहे, कारण परीक्षकाचे नाव झाकण्याने जे साधते ते विद्यार्थ्याचीच उत्तरे विद्यार्थ्यापासून झाकण्याने साधत नाही.

हा भाग सत्तावीस वर्षांनी बदलला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची, म्हणजे सीबीएसईची, 2008 ची दहावीची परीक्षा दिलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या उत्तरपत्रिका पाहण्याची मागणी केली. प्रकरण कोलकात्याच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि आदित्य बंदोपाध्याय प्रकरण म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात 9 ऑगस्ट 2011 रोजी न्यायालयाने असे ठरवले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायदा, 2005 च्या अर्थाने ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. परीक्षा मंडळ ती विश्वस्त या नात्याने बाळगते म्हणून ती देता येत नाही, हा बचाव फेटाळला गेला. मात्र परीक्षकाची, नियामकाची आणि तपासणीशी संबंधित इतरांची नावे व सह्या झाकाव्यात, कारण त्या उघड झाल्यास त्यांच्या जिवाला धोका संभवतो, असेही न्यायालयाने सांगितले. त्याच निकालात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली आणि ती विद्यार्थ्यांच्या नजरेतून वारंवार सुटते : माहिती अधिकारात उत्तरपत्रिका मिळते, पुनर्मूल्यांकन मिळत नाही. तो कायदा असलेला कागद दाखवायला लावतो, त्या कागदावरचे गुण बदलायला लावत नाही. थोडक्यात, 1984 ने बंद केलेल्या दोन दारांपैकी पाहण्याचे दार 2011 ने उघडले, पुन्हा तपासण्याचे दार मात्र ज्या त्या परीक्षा मंडळाच्या नियमांवर सोडले.

आज राज्य मंडळ आपल्याच नियमांनुसार तिन्ही गोष्टी देते. अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीसाठी विषयामागे 50 रुपये, उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी 400 रुपये आणि पुनर्मूल्यांकनासाठी 300 रुपये असे शुल्क राहिले आहे, आणि अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावरून, स्वतः किंवा महाविद्यालयामार्फत करता येतो. पहिल्या दोन अर्जांची मुदत ऑनलाइन निकालाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि साधारण दोन आठवडे चालते. 2025 मध्ये बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला आणि ही मुदत 6 ते 20 मे अशी होती. पुनर्मूल्यांकनाचे वेळापत्रक वेगळे आहे. त्यासाठी छायाप्रत आधी घेणे अनिवार्य आहे, आणि छायाप्रत हाती पडल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत विहित नमुन्यात विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो. पाच दिवसांचा हा अवधी फार तोकडा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत विषयशिक्षक गावी गेलेले असतात, आणि हिंगोली किंवा परभणीच्या आडगावच्या विद्यार्थ्याला छायाप्रत मिळाल्यावर ती वाचून सांगणारा माणूस शोधण्यातच त्यातले दोन-तीन दिवस निघून जातात. म्हणून असा शिक्षक छायाप्रतीचा अर्ज करतानाच ठरवून ठेवावा, ती आल्यावर नव्हे.

हे मार्ग प्रत्यक्षात कसे वेगवेगळे काम करतात ते एका कल्पित पण संभाव्य उत्तरपत्रिकेवरून पाहता येईल. बारावी भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा 70 गुणांची असते आणि प्रात्यक्षिकाचे 30 गुण वेगळे असतात. प्रश्नपत्रिकेच्या ‘अ’ विभागात बहुपर्यायी आणि अतिलघुत्तरी मिळून 18 गुण, ‘ब’ विभागात बारापैकी आठ प्रश्न प्रत्येकी 2 गुणांचे म्हणजे 16, ‘क’ विभागात बारापैकी आठ प्रश्न प्रत्येकी 3 गुणांचे म्हणजे 24, आणि ‘ड’ विभागात पाचपैकी तीन प्रश्न प्रत्येकी 4 गुणांचे म्हणजे 12, अशी विभागणी असते. समजा, एका विद्यार्थिनीला लेखी परीक्षेत 52 च्या आसपास गुण अपेक्षित होते आणि गुणपत्रकावर 31 आले. तिने छायाप्रत मागवली. मुखपृष्ठावरील तक्त्यात ‘अ’ ला 13, ‘ब’ ला 8, ‘क’ ला 7 आणि ‘ड’ ला 3 लिहिलेले आहेत आणि त्यांची बेरीज 31 अशी बरोबर आहे. तक्ता पाहून थांबले तर चूक दिसणारच नाही.

आता आतली पाने. ‘ब’ विभागातील उत्तरांसमोरचे गुण एकेक करून मांडले तर त्यांची बेरीज 10 येते, तक्त्यात मात्र 8 उतरले आहेत. 2 गुण वाटेत हरवले. ‘क’ विभागात मुख्य उत्तरपत्रिकेत चार उत्तरे आहेत आणि त्यांना 3, 2, 1 आणि 1 असे गुण मिळून 7 झाले आहेत. पण मुखपृष्ठावर एक पुरवणी जोडल्याची नोंद आहे, आणि त्या पुरवणीत ‘क’ विभागाची आणखी दोन आणि ‘ड’ विभागाचे एक अशी तीन उत्तरे आहेत, ज्यांच्यासमोर लाल शाईची एकही खूण नाही. बरोबरची नाही आणि चुकीचीही नाही. उत्तर वाचून शून्य दिले असते तर शून्य लिहिलेले दिसले असते. कोऱ्या समासाचा अर्थ एकच, की ती पाने उलटली गेली, वाचली गेली नाहीत. या तीन उत्तरांचे कमाल गुण 3, 3 आणि 4, म्हणजे 10. शेवटी ‘क’ विभागातील ज्या दोन उत्तरांना 1 गुण मिळाला, त्यांपैकी एकात विद्यार्थिनीने सूत्राची संपूर्ण सिद्धता आकृतीसह लिहिली आहे आणि तिच्या शिक्षकांच्या मते तिला पूर्ण 3 गुण मिळायला हवेत.

या एकाच उत्तरपत्रिकेत तीन जातींच्या चुका आहेत. ‘ब’ विभागाचे 2 गुण ही उतरवण्याची चूक आहे, ती गुणपडताळणीत दुरुस्त व्हायलाच हवी, आणि त्यात कोणाच्या मताचा प्रश्न येत नाही. न तपासलेल्या पुरवणीची तक्रारही गुणपडताळणीतच बसते, कारण सर्व उत्तरे तपासली गेली का आणि पुरवण्या जागेवर आहेत का हे पाहणे पडताळणीच्या जुन्या व्याख्येतच आहे. ‘पडताळणी म्हणजे नुसती बेरीज’ असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे असते. सिद्धतेला 1 द्यावा की 3 हा मात्र मूल्यमापनाचा प्रश्न आहे, आणि तो फक्त पुनर्मूल्यांकनात उपस्थित करता येतो. आता हिशेब मांडला तर पडताळणीत 31 चे 33 निश्चित होतात, पुरवणी तपासल्यावर जास्तीत जास्त 43 होऊ शकतात, आणि पुनर्मूल्यांकन पूर्ण यशस्वी झाले तर 45. विद्यार्थिनीने धरलेले 52 कोठेच सापडत नाहीत. उरलेले 7 गुण हे परीक्षेनंतर उत्तरसूची पाहून मनाशी केलेल्या अंदाजातले आहेत, आणि हेही छायाप्रतच दाखवते. तिच्याशिवाय ही मुलगी 21 गुणांसाठी भांडत राहिली असती आणि त्यातले खरे कोणते, हे तिला कधीच सांगता आले नसते.

छायाप्रत वाचताना गुणांइतकेच लक्ष कागदाकडे द्यावे लागते. पाने क्रमाने आहेत का, नोंदवलेल्या सर्व पुरवण्या प्रतीत आल्या आहेत का, आणि सर्वांत आधी, अक्षर आपले आहे का. ही शंका अवाजवी नाही, हे 2023 मध्ये याच विभागात दिसले. त्या वर्षीच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या तीनशेहून अधिक उत्तरपत्रिकांत एकाच उत्तरपत्रिकेत दोन वेगवेगळी हस्ताक्षरे आढळली, विभागीय मंडळाने विद्यार्थ्यांना सुनावणीसाठी बोलावले, आणि पुढे चौकशीअंती दोन शिक्षकांविरुद्ध पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. तेथे हा प्रकार मंडळाच्याच लक्षात आला होता. विद्यार्थ्याच्या लक्षात तो आधी आला, किंवा हाती आलेली छायाप्रत पूर्णपणे दुसऱ्याच कोणाची निघाली, तर पडताळणी किंवा पुनर्मूल्यांकनाचा ठरीव अर्ज भरण्यात अर्थ नसतो. अशा वेळी विभागीय सचिवांच्या नावे स्वतंत्र लेखी तक्रार करावी, तीत बैठक क्रमांक, विषय आणि छायाप्रतीतील कोणते पान आपले नाही ते नेमके लिहावे, महाविद्यालयातील सराव परीक्षेची एखादी उत्तरपत्रिका हस्ताक्षराचा नमुना म्हणून जोडावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

प्रात्यक्षिकाच्या आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांचा मार्गही वेगळाच आहे. ते गुण महाविद्यालयाकडून मंडळाकडे जातात, त्यांची उत्तरपत्रिका लेखी परीक्षेच्या गठ्ठ्यात नसते, आणि म्हणून लेखी विषयाचे पुनर्मूल्यांकन कितीही केले तरी प्रात्यक्षिकात 28 ऐवजी 8 छापले गेल्याची चूक सापडणार नाही. तेथे प्राचार्यांनी मूळ नोंदीच्या आधारे मंडळाकडे दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवणे हाच उपाय असतो. हजर असूनही गैरहजर दाखवले गेले असेल, तर परीक्षा केंद्रावरील स्वाक्षरीपट हा पुरावा असतो आणि तो केंद्राकडून मागवावा लागतो.

राज्य मंडळाच्या सध्याच्या पद्धतीतील एका उणिवेकडे येथे लक्ष वेधणे आवश्यक आहे. पडताळणी आणि छायाप्रत यांचे अर्ज एकाच मुदतीत करायचे असल्यामुळे, आणि 50 रुपये 400 पेक्षा परवडणारे असल्यामुळे, पुष्कळ विद्यार्थी फक्त पडताळणीचा अर्ज करतात. त्यांच्याकडे चूक दाखवणारा एकही कागद नसतो, ‘गुणांत बदल नाही’ एवढे उत्तर येते, आणि ते उत्तर कशाच्या आधारे दिले गेले हे त्यांना तपासता येत नाही. तोवर छायाप्रतीची मुदत संपलेली असते. सीबीएसईने 2025 मध्ये हा क्रम बदलून आधी उत्तरपत्रिकेची प्रत आणि ती पाहिल्यानंतर पडताळणी, पुनर्मूल्यांकन किंवा दोन्ही अशी रचना केली. हाच क्रम न्याय्य आहे, आणि राज्य मंडळाने तो स्वीकारेपर्यंत विद्यार्थ्याने तो स्वतः पाळावा : ज्या विषयात खरी शंका आहे त्या एका विषयाची छायाप्रत मागवावी, सर्व विषयांची पडताळणी नव्हे. पुनर्मूल्यांकनात गुण घटले तर काय होते, हेही अर्जापूर्वी त्या वर्षीच्या सूचनेत वाचायला हवे. सीबीएसईच्या नियमांत घटलेले गुणही लागू होतात, आणि सुधारित गुण आल्यावर आधीच्या गुणांवर हक्क सांगता येत नाही.

विद्यापीठीय परीक्षांचे नियम विद्यापीठागणिक बदलतात, त्यामुळे त्यांचे सविस्तर विवेचन स्वतंत्र प्रकरणात येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे एवढेच सांगणे पुरेसे आहे की परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या परिपत्रकात दिलेली मुदत निकालाच्या तारखेपासून मोजली जाते, गुणपत्रक हातात पडल्याच्या तारखेपासून नव्हे. आणि महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लावण्याची अपेक्षा ठेवली असली तरी पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढील सत्राच्या परीक्षेपूर्वी येईलच असे नसते, म्हणून त्याच विषयाचा पुनर्परीक्षेचा अर्ज भरून ठेवणे इष्ट असते. संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत आल्यापासून बेरजेच्या चुका कमी झाल्या तरी नव्या चुका आल्या आहेत, जसे पान स्कॅन न होणे किंवा एकाची प्रतिमा दुसऱ्याच्या नावाला जोडली जाणे. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये ही पद्धत घाईने सर्व शाखांना लावली तेव्हा निकाल महिनोन्‌महिने रखडले, उत्तरपत्रिकांचा घोळ झाला, आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले.

मंडळाची किंवा विद्यापीठाची स्वतःची मुदत हुकली असेल, तर माहिती अधिकाराचा मार्ग उरतो. महाराष्ट्रात या अर्जाला 10 रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लावतात, अर्ज एकाच विषयापुरता आणि 150 शब्दांत असावा लागतो, प्रतीसाठी पानामागे 2 रुपये पडतात, आणि जन माहिती अधिकाऱ्याने 30 दिवसांत उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही किंवा नकार आला तर 30 दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरमध्येच आहे. संस्थेने स्वतःचे जास्त शुल्क ठरवले असले तरी विद्यार्थ्याला माहिती अधिकाराच्या दराने प्रत मागता येते का, हा प्रश्न कंपनी सेक्रेटरींच्या राष्ट्रीय संस्थेविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे 2019 मध्ये आला. संस्था प्रतीसाठी 500 रुपये मागत होती. दोन्ही मार्ग खुले आहेत आणि माहिती अधिकारात अर्ज केला तर त्याच कायद्याचे शुल्क लागेल, असे न्यायालयाने ठरवले. या मार्गाला दोन मर्यादा आहेत. स्पर्धा परीक्षांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेबाबत 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती यांत्रिकपणे देण्यास नकार दिला. दुसरी मर्यादा काळाची आहे. उत्तरपत्रिका ठरावीक काळच जतन होतात, नंतर नष्ट केल्या जातात, आणि नष्ट झालेला कागद दाखवण्याचा आदेश कोणताही आयोग देऊ शकत नाही. अपिलाची पायरी गाठेपर्यंत हा काळ उलटू नये, म्हणून पहिल्याच अर्जासोबत ‘वाद प्रलंबित असेपर्यंत ही उत्तरपत्रिका नष्ट करू नये’ अशी स्वतंत्र लेखी विनंती विभागीय सचिवांना, किंवा विद्यापीठाच्या बाबतीत परीक्षा संचालकांना, देऊन तिची पोच ठेवावी.

राहता राहिला न्यायालयाचा मार्ग. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ 1981 पासून छत्रपती संभाजीनगरमध्येच आहे आणि मंडळाविरुद्धची रिट याचिका, म्हणजे सार्वजनिक संस्थेला तिचे कायदेशीर कर्तव्य पार पाडायला लावण्याची विनंती, तेथे करता येते. पण न्यायालय काय करील आणि काय करणार नाही याची रेषा आता बरीच स्पष्ट आहे. नियमात पुनर्मूल्यांकनाची तरतूद नसेल, तर चूक कोणताही तर्कवितर्क न लढवता उघड दिसावी आणि प्रकरण अगदी अपवादात्मक असावे, तरच न्यायालय तसा आदेश देते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये रणविजय सिंह प्रकरणात सांगितले. संशय राहिला तर त्याचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळतो, परीक्षार्थीला नाही. बहुपर्यायी परीक्षेची उत्तरसूचीच चुकीची असेल तर पाया थोडा भक्कम असतो, कारण 1983 च्या कानपूर विद्यापीठ प्रकरणात प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांशी उघडउघड विसंगत असलेले उत्तर बरोबर धरून विद्यार्थ्याला शिक्षा देता येणार नाही असे ठरले होते. तेथेही उत्तरसूची बरोबरच आहे असे आधी गृहीत धरले जाते आणि ती चूक असल्याचे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावर असतो. वरच्या उदाहरणातील न तपासलेली पुरवणी घेऊन खंडपीठापुढे गेले तर कोरा समास स्वतःच बोलतो. सिद्धतेला 1 ऐवजी 3 गुण मिळावेत एवढ्यासाठी गेले तर याचिका दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळली जाण्याची शक्यता मोठी, आणि तोवर अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्याही संपलेल्या असतात.